कोकणच्या पावसात रोझमेरी

आमच्या घराण्यात सध्या रोझमेरीची साथ आली आहे. भाभीने मोबाईलवर पाहिलं की रोझमेरीचं पाणी केसांना लावतात, मग चुलतबहिणीने ऐकलं की चिकन भाजताना तिची काडी घालतात, आणि बघता बघता चार घरांच्या पडव्यांत चार कुंड्या आल्या. जुलैच्या अखेरीस त्यातल्या तीन मेल्या होत्या. चौथी भाभीची. तीही निम्मी तपकिरी झाली तेव्हा तिने मला बोलावून घेतलं आणि दारातच विचारलं, "भाईजान, रोज पाणी घालतेय, तरी सुकते कशी?"

उत्तर तिच्या प्रश्नातच होतं. पण नुसतं "पाणी कमी घाल" म्हणून हे झाड वाचत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात जुलै महिन्यात पाणी अजिबात घातलं नाही तरी ते मरू शकतं.

रोझमेरी भूमध्य समुद्राच्या काठची. तिच्या लॅटिन नावाचा अर्थ समुद्राचं दव असा सांगतात, आणि अरबीत तिला इकलील-अल-जबल म्हणजे डोंगराचा मुकुट म्हणतात. समुद्र म्हटलं की आपल्या लोकांना वाटतं, मग कोकणात काय अडचण? अडचण ऋतूंची आहे. तिकडे पाऊस येतो हिवाळ्यात, झाड थंडीने सुस्त असताना. उन्हाळा कोरडा खणखणीत. मार्सेसारख्या शहरात वर्षभरात मिळून पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजारांच्या वर पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत, आणि ऊबदार हवेत. म्हणजे गरम आणि ओलं या दोन्ही गोष्टी एकदम. थंड आणि ओलं तिला चालतं, गरम आणि कोरडं फार आवडतं. ही तिसरी जोडी तिच्या मुलखात नाहीच. मातीत मुळं कुजवणारी बुरशी मात्र नेमकी याच जोडीवर पोसते.

भाभीची कुंडी मी आधी उचलून पाहिली. जड होती. तहानलेल्या झाडाची कुंडी हलकी लागते, माती कडेने सुटलेली असते आणि पाणी दिलं की शेंडे तासा-दोन तासांत सावरतात. इथे माती ओली, कुंडी जड, आणि तरी पानं निस्तेज राखाडी झालेली. सगळं झाड एकदम नाही, एकेक फांदी खालून वर तपकिरी होत चाललेली. हीच मूळकुजीची खूण. फसवणूक अशी की मुळं कुजली की ती पाणी उचलत नाहीत, त्यामुळे झाड तहानलेलं दिसतं आणि घरातली माणसं आणखी पाणी घालतात. शिवाय रोझमेरीचं पान अरुंद, जाड, कडा खाली वळलेलं असतं. ते मोगऱ्यासारखं पटकन मान टाकत नाही. ते कोमेजलेलं दिसेपर्यंत खाली बराच कारभार आटोपलेला असतो.

कुंडी आडवी करून झाड बाहेर काढलं. बारा इंची प्लास्टिकची कुंडी, त्यात अंगणातली लाल माती आणि शेणखत, आणि मधोमध नर्सरीतला मूळचा मुठीएवढा कोकोपीटचा गोळा जसाच्या तसा. गोळा दाबला तर बोटांतून पाणी निघालं. मुळं तपकिरी. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल सुटून हातात आली आणि आत नुसता दोरा राहिला. चांगलं मूळ पांढरट असतं, कडक असतं आणि त्याची साल अशी निसटत नाही. नर्सरीवाल्याला त्या गोळ्याचा दोष देऊन उपयोग नाही. त्याला रोप टेम्पोतून न सुकता पोचवायचं असतं. तुमच्या घरी आल्यावर मात्र तो गोळा कोरड्या दिवसांत हळूच मोकळा करून घ्यावा.

आता मातीचं. भाभीने कुंडीच्या तळाला चांगला चार बोटं खडीचा थर दिला होता, "निचरा होण्यासाठी." हे सगळेच करतात. पण त्याने निचरा होत नाही. भांडी घासायचा लांबट स्पंज पाण्यात भिजवून आडवा धरा. थेंब थांबले की तोच उभा करा, पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, फक्त उंची बदलली. बारीक मातीत तळाशी काही इंच पाणी असंच अडकून राहतं, आणि खाली खडी असली तरी ते बारीक मातीतून मोठ्या पोकळीत सहजी उतरत नाही. मग तो ओला पट्टा खडीच्या वर बसतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ. खडी तळाला नको, सगळ्या मातीत मिसळलेली हवी, आणि कुंडी पसरट नको, उभट हवी.

आमचं मिश्रण असं झालं: चार डबे कच, दोन डबे लाल माती, एक डबा जुनं कुजलेलं शेणखत. कच म्हणजे काळ्या दगडाची क्रशरवरची बारीक खडी. ती आधी चाळणीने चाळून पीठ काढून टाकलं, मग धुतली. तांदळाच्या दाण्यापासून वाटाण्यापर्यंतचे तुकडे ठेवले. हे पीठ काढणं महत्त्वाचं, कारण ते राहिलं तर खड्यांमधल्या फटी बुजतात आणि सिमेंटसारखा लगदा होतो. बारीक वाळूही तेच करते, म्हणून "वाळू घाला" हा सल्ला अर्धवट आहे. कच न मिळाल्यास भाजक्या विटांचे तुकडे चालतात. मऊ जांभा नको, तो एका पावसाळ्यात विरघळून पुन्हा मातीच होतो. मिश्रण भरलं की वरून तांब्याभर पाणी ओतून बघायचं. ते वर तळं करून राहिलं नाही आणि लगेच खालच्या भोकातून येऊ लागलं, तर जमलं.

कुंडी आठ इंची, मातीची, न रंगवलेली. बाराची आठ का, म्हणून भाभी नाराज झाली. पण उरलेल्या चांगल्या मुळांना जेवढी माती लागते तेवढीच द्यायची. बाकीची माती कोणी पीत नाही, ती नुसती ओली राहते.

खरं सांगायचं तर ते मूळ झाड वाचेल याची मला खात्री नव्हती, म्हणून हिरव्या फांद्यांचे सहा शेंडे चार-चार इंचांचे कापून घेतले. खालच्या अर्ध्या भागाची पानं काढली आणि धुतलेल्या जाड वाळूत खोचले. वरून प्लास्टिकची पिशवी घातली नाही. कोरड्या प्रदेशातली ती युक्ती आहे, पावसाळ्यात आपली हवाच पिशवी असते. पाचेक आठवड्यांनी चार शेंडे हलके ओढल्यावर अडकले, म्हणजे मुळं धरली होती. मूळ झाड ऑगस्टमध्ये गेलं.

नव्या रोपांची जागाही बदलली. पावसाळ्यात आपण पडवीला झडी लावतो, झापं किंवा निळं प्लास्टिक. पाऊस आत येत नाही, तसा वाराही येत नाही. भाभीची कुंडी त्याच कोपऱ्यात भिंतीला टेकून, दोन क्रोटनच्या मध्ये होती. तिथे अगरबत्ती लावून पाहिली, तर धूर सरळ वर गेला. जिथे धूर सरळ जातो तिथे रोझमेरी ठेवू नये. दमट हवेत पानांतून पाणी मुळातच कमी उडतं. वारा नसला तर पानांभोवती ओलावा साचून राहतो, झाड पाणी ओढत नाही आणि माती सुकत नाही. शिवाय आतली पानं ओली राहून काळी पडतात, त्यांच्यावर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. शेवटी पडवीचं मोकळं टोक सापडलं, डोक्यावर कौलं आणि दोन बाजूंनी वारा. कुंडी दोन विटांवर, खाली बशी नाही, भिंतीपासून वीतभर लांब. आठ-आठ दिवस झड लागली की दुपारी तासभर टेबल-फॅन लावायला सांगितला. भाभीचे मियाँ यावर हसले, पण फॅन त्यांनीच आणून दिला.

छाटणी करायची तर मेमध्ये, पावसाच्या आधी. आतल्या दाटीवाटीच्या काड्या काढून झाडातून उजेड दिसेल असं करावं. मात्र जुन्या, पानं नसलेल्या लाकडापर्यंत कापू नये, तिथून फूट येईलच असं नाही.

पाणी किती, हा प्रश्न सगळ्यांना वारांत हवा असतो. वार सांगता येत नाहीत, वजन सांगता येतं. आमच्याकडे प्रत्येक घरात बॅगा तोलायचा लटकता काटा असतो, दुबई-कुवेतची कृपा. कुंडी कापडी पिशवीत ठेवून तोलली. पाणी देऊन निथळल्यावर भरली 6 किलो 400 ग्रॅम. बांबूची काडी तळापर्यंत खुपसून ती कोरडी निघाली तेव्हा 5 किलो 700. हे दोन आकडे भाभीने खडूने कुंडीवर लिहिले. खालच्या आकड्याजवळ आल्याशिवाय पाणी नाही, आणि दिलं तर सकाळी, भोकातून वाहीपर्यंत. रोज अर्धी वाटी हा प्रकार बंद. मे महिन्यात हे अंतर चार-पाच दिवसांत कापलं जायचं. जुलैत पंधरा दिवस लागले. मात्र कोरड्या दिवसांत विसरूनही चालत नाही. मातीच्या कुंडीतली रोझमेरी एकदा पूर्ण वाळली, तर परत येत नाही. झाड वाढेल तसे आकडेही वाढतील, म्हणून वर्षातून दोनदा पुन्हा तोलावं.

लॅव्हेंडरबद्दलही विचारतात. हकीमजींच्या पुडीतला उस्तुखुद्दूस म्हणजे लॅव्हेंडरचीच एक जात, ही गोष्ट ऐकून चुलतबहिणीने लगेच दोन रोपं आणली. माती, वारा, पाणी, सगळं वरच्यासारखंच, पण पाऊस ती रोझमेरीहून कमी सोसते. अत्तराच्या तेलासाठी प्रसिद्ध असलेली बारीक, सरळ पानांची इंग्लिश लॅव्हेंडर किनारपट्टीवर जगवण्याचा नाद मी कोणाला लावणार नाही. दातेरी पानांची जात त्यातल्या त्यात तगते, वास कापरासारखा असतो. ऑक्टोबरच्या शेवटी रोप आणावं, मेपर्यंत फुलं बघावीत आणि जूनमध्ये गेली तर हंगामी झेंडूसारखं समजावं. चुलतबहिणीची दोन रोपं सध्या तिच्या गच्चीत उन्हात आहेत. पहिला पाऊस यायच्या आत ती जिन्याच्या छपराखाली हलवायची ठरली आहेत, कारण गच्चीत वारा आहे पण छप्पर नाही.