हप्त्याची गाडी आणि रोखीची गाडी: पाच वर्षांची पावत्यांची फाइल

मार्च २०२१ मध्ये नांदेडला आमच्या घरी वॅगनआर आली, आणि त्याच महिन्यात लातूरला आमच्या साडूंकडेही तीच गाडी आली. मॉडेल एक, इंजिन एक लिटरचे, रस्त्यावर येईपर्यंतची किंमतही दोन्हीकडे जवळपास सारखी, ६ लाख २० हजार. फरक एवढाच की आम्ही पूर्ण रक्कम दिली, तर साडूंनी १ लाख २० हजार भरून उरलेल्या ५ लाखांचे पाच वर्षांचे कर्ज काढले. यंदा पाच वर्षे पुरी झाली. शाळेच्या नोकरीने कागद जपून ठेवायची सवय लागलेली, त्यामुळे आमच्या पावत्या फाइलमध्ये होत्याच. साडूंच्या बाईसाहेबांनीही बिस्किटाच्या डब्यात सगळे ठेवले होते. ईदला लातूरला गेलो तेव्हा दोन्ही ढीग समोर मांडले.

आधी पावत्या सांगतो. आमची गाडी पाच वर्षांत ४५ हजार किलोमीटर चालली. शाळा, बाजार, आणि लोहा-अहमदपूरमार्गे लातूरच्या फेऱ्या. पेट्रोलला गेले २ लाख ७६ हजार ४००, म्हणजे किलोमीटरला सहा रुपयांहून थोडे जास्त. सर्व्हिसिंगला पाच वर्षांत २५ हजार १००, चौथ्या वर्षी बॅटरी ४ हजार ६०० आणि पाचव्या वर्षी चार टायर १४ हजार ८००. पहिल्या वर्षाचा विमा गाडीच्या किमतीतच होता. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता भरला. नंतरची चार वर्षे धरून विम्याचे २८ हजार ६००. सगळे मिळून, गाडीसकट, ९ लाख ६९ हजार ५००.

साडूंची गाडीही तेवढीच फिरली. पेट्रोल आणि सर्व्हिसिंगमध्ये चार-पाच हजारांचा फरक निघाला, तो सोडून देऊ. इंजिनाला कर्ज कळत नाही. कर्ज कळते ते दोन जागी. एक म्हणजे व्याज. हप्ता होता १० हजार ५०१ रुपयांचा, असे ६० हप्ते. बेरीज ६ लाख ३० हजार ६०, म्हणजे व्याज १ लाख ३० हजार ६०. दुसरी जागा विम्याची. कर्ज असेपर्यंत गाडीचा पूर्ण विमा ठेवणे भागच असते आणि साडू दर वर्षी शोरूमने पुढे केलेल्या कागदावर सही करत गेले. आम्ही विमा कंपनीच्या ऑफिसात जाऊन भाव विचारत होतो. त्यांचे १२ हजार ९०० जास्त गेले. विमा पूर्ण हवा ही अट खरी, पण तो शोरूममधूनच घ्या अशी सक्ती नसते. कर्जाच्या फाइलचा खर्च आणि शेवटचे कागदपत्र धरून त्यांना आमच्यापेक्षा सुमारे दीड लाख जास्त पडले. आमचा पाच वर्षांचा विमा, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी सगळे मिळून ७३ हजार १०० होतात. त्याच्या हे दुप्पट.

आता खरी गंमत. शोरूममधल्या पोराने दोघांनाही एकच गणित सांगितले होते: “सर, कर्ज फक्त ५.२ टक्क्यांनी आहे. रोख कशाला देता? ५ लाख पोस्टात ठेवा, ६.७ टक्के मिळतात. पाच वर्षांत १ लाख ७२ हजार व्याज येईल, कर्जाचे १ लाख ३० हजार जातील. गाडी पण तुमची, ४० हजार पण तुमचे!” पोस्टाचा दर तेव्हा खरोखर तेवढाच होता. गुणाकार बरोबर, आकडे बरोबर. आमच्या शाळेतले गणिताचे सरही क्षणभर गप्प झाले.

गोम ५.२ मध्ये आहे. याला फ्लॅट दर म्हणतात. व्याज पाचही वर्षे पुऱ्या ५ लाखांवर मोजल्यासारखे दाखवतात. पण साडू तर दर महिन्याला मुद्दल परत करत होते. चार वर्षांनी त्यांच्याकडे त्या कर्जातले जेमतेम १ लाख २० हजार उरले होते. घटत्या शिलकीवर मोजले की हाच दर ९.५ टक्के होतो. बँकेच्या करारपत्रात तोच लिहिलेला असतो, आतल्या पानावर.

आणि त्या पोराने दुसरी गोष्ट सांगितलीच नाही. पोस्टातले ५ लाख तसेच ठेवायचे, तर हप्ता पगारातून द्यावा लागणार. रोख देणाऱ्याच्या पगारात मात्र ते १० हजार ५०१ दरमहा शिल्लक राहतात. त्याने तेच पोस्टाच्या आरडीत टाकले असते, तर तेव्हाच्या ५.८ टक्क्यांनीसुद्धा पाच वर्षांनी सव्वासात लाखांच्या वर जमले असते. कर्जवाल्याचे ठेवीसकट ६ लाख ७२ हजार. म्हणजे ४० हजारांचा फायदा नव्हे, ५० हजारांहून जास्त तोटा. आपल्यापैकी ज्या घरांत सूद घ्यायचे नाही, देणे तर नकोच, त्यांना हे गणित आणखी सोपे आहे. तिथे ठेवीची मिळकत शून्य, आणि कर्जाचे १ लाख ३० हजार पुरेच्या पुरे खिशातून.

पण रोख फुकट येत नाही, हेही लिहिले पाहिजे. आम्ही बोली न लावणारी साधी बीसी भरत दोन वर्षे थांबलो. तेवढ्यात गाडी चाळीसेक हजारांनी महागली. रोखीवर शोरूमने सूटही कमी दिली, कारण कर्जाच्या फाइलवर त्यांना कमिशन असते. साडूंना थांबणे शक्य नव्हते. त्यांच्या अम्मींना रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यावे लागे. घरातली सगळी पुंजी गाडीत घालून दवाखान्यासाठी हात पसरणे हा शहाणपणा नव्हे. मात्र त्यांच्याजवळ तेव्हा आणखी अडीच लाख ठेवीत पडून होते. ते भरून फक्त अडीच लाखांचे कर्ज तीन वर्षांसाठी काढले असते, तर त्याच दराने हप्ता ८ हजारांचा आणि एकूण व्याज ३८ हजार ३०० झाले असते. थोरल्या मुलीची लातूरच्या शिकवणीची फी आली त्या वर्षापर्यंत कर्ज जवळपास संपलेलेही असते. प्रत्यक्षात त्या वर्षी हप्ता आणि फी यांच्या ओढाताणीत भाभींच्या बांगड्या गहाण पडल्या.

मधेच कर्ज फेडायचा विचार त्यांनी केला होता, पण चौथ्या वर्षाच्या शेवटी. तोवर व्याज बहुतेक देऊन झालेले असते. पहिल्या वर्षी त्यांच्या हप्त्यांतून व्याजापोटी ४४ हजार गेले, शेवटच्या वर्षी फक्त सव्वासहा हजार. तेव्हा फेडून वाचले असते तेवढेच, त्यातूनही मुदतीआधी फेडण्याचा आकार वजा. फेडायचे तर पहिल्या दोन वर्षांत.

शेवटचा हप्ता गेला तरी आरसी बुकावर कर्ज देणाऱ्याचे नाव तसेच असते. त्याच्याकडून ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत बोजा उतरवावा लागतो, आणि विम्याच्या पॉलिसीवरूनही ते नाव काढून घ्यावे लागते, नाहीतर उद्या गाडी पार निकामी झाली तर भरपाईचा चेक त्याच्या नावाचा निघू शकतो. ना हरकत पत्राची मुदत थोडीच असते. साडूंचे पत्र अजून त्याच बिस्किटाच्या डब्यात आहे. येत्या सोमवारी लातूरच्या आरटीओत जायचे ठरले आहे.