बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे सरकणारी पोटदुखी



पोटात दुखतंय म्हणून कुणी माझ्याकडे आलं की मी आधी विचारतो, "कुठे दुखतंय?" त्याचं उत्तर रुग्ण बोट दाखवून देतो. मग माझा दुसरा प्रश्न असतो, "आणि सुरुवात झाली तेव्हा कुठे दुखत होतं?" या दुसऱ्या प्रश्नाला बरेच जण वैतागतात. पण अपेंडिक्सच्या आजाराची पहिली शंका मला बऱ्याचदा त्याच्याच उत्तरावरून येते. हा प्रश्न मी का विचारतो, ते आज सांगतो.

काही महिन्यांपूर्वी बारावीत शिकणारा एक मुलगा सकाळी ११ वाजता दवाखान्यात आला. सोबत आई आणि आजी. मुलगा कमरेत थोडा वाकून, उजव्या बाजूला हात धरून चालत होता. आई म्हणाली, "डॉक्टर, काल संध्याकाळी बाहेर वडापाव खाल्ला, त्याचंच झालंय." आजीचं म्हणणं वेगळं होतं. "बेंबी सरकलीय त्याची. पोट चोळून बसवणारा एक जण आहे ओळखीचा, पण ही ऐकेना."

मी मुलालाच विचारलं, "रात्री पहिल्यांदा दुखायला लागलं तेव्हा कुठे?" त्याने बेंबीभोवती अख्खा तळहात गोल फिरवला. "इथे सगळीकडे. १० वाजता. नीट सांगता येत नव्हतं." २ वाजता एक उलटी झाली. आईने ओव्याचं पाणी दिलं, बेंबीवर हिंग लावला. पहाटे डुलकी लागली. उठला तेव्हा दुखणं उजवीकडे खाली आलं होतं, आणि आता ते दाखवायला त्याला एक बोट पुरत होतं. सकाळी पोहे केले होते, पण त्याने ताट बाजूला सारलं. येताना स्कूटर गतिरोधकावरून गेली तेव्हा तो ओरडलाच होता.

रात्री तळहात आणि सकाळी एक बोट. या फरकातच आजाराची गोष्ट आहे.

दुखणं जागा का बदलतं?

अपेंडिक्स, म्हणजे आंत्रपुच्छ, ही मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी करंगळीएवढी नळी. तिचं एक टोक बंद असतं. दुसरं टोक मळाच्या खड्याने किंवा आतल्या सुजेने बंद झालं की आतला स्राव कोंडतो, नळी फुगते, जंतू वाढतात.

फुगलेल्या नळीकडून निघालेला संदेश तिच्या स्वतःच्या नसांमधून जातो. आतड्याच्या या नसा जागा नेमकी सांगू शकत नाहीत. त्या पाठीच्या कण्यात ज्या पातळीला शिरतात, त्याच पातळीला बेंबीभोवतीच्या त्वचेच्या नसाही येतात. त्यामुळे बिघाड उजवीकडे खाली असला तरी मेंदूला वाटतं की बेंबीपाशी दुखतंय, आणि तेही मोघम.

पुढच्या काही तासांत सूज नळीच्या बाहेरच्या थरापर्यंत येते आणि पोटाच्या भिंतीच्या आतल्या अस्तराला टेकते. या अस्तराच्या नसा वेगळ्या, त्वचेच्या नसांसारख्या नेमकी जागा सांगणाऱ्या. मग दुखणं उजवीकडे खाली येऊन बसतं, आणि अस्तराला धक्का लागेल अशा प्रत्येक गोष्टीने वाढतं. खोकला, शिंक, गतिरोधक, अगदी कूस बदलणंसुद्धा. म्हणून असा रुग्ण शक्यतो हलत नाही. मूतखड्याचा रुग्ण याच्या उलट असतो. तो एका जागी थांबू शकत नाही, तळमळत फेऱ्या मारतो.

तेव्हा बेंबी सरकलेली नसते, दुखणं सरकलेलं असतं. आजींना मी तेच सांगितलं. चोळणाऱ्याला न बोलावल्याबद्दल सुनेचे आभार माना, असंही म्हणालो. सुजलेल्या नळीवर जोर देऊन चोळलं तर ती फुटू शकते.

मी काय तपासलं?

मुलाला झोपवून डावीकडून तपासायला सुरुवात केली. दुखऱ्या जागेवर हात शेवटी. बेंबीपासून कमरेच्या उजव्या हाडाच्या पुढच्या टोकापर्यंत एक रेषा मनात आखा आणि तिचे तीन समान भाग करा. हाडाकडचा पहिला भाग संपतो त्या जागेला मॅकबर्नीचा बिंदू म्हणतात. न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये ती दाखवून दिली. तिथे बोट टेकताच मुलाचं पोट कडक झालं. हलकेच दाबून हात पटकन उचलला, तेव्हा दाबताना दुखलं त्याहून जास्त दुखलं. ताप ९८.८, म्हणजे नव्हताच.

अशा वेळी आम्ही अल्वाराडो नावाची १० गुणांची मोजणी वापरतो. दुखणं उजवीकडे सरकलं, १ गुण. भूक गेली, १. उलटी, १. उजवीकडे खाली दाबल्यावर दुखतं, २. हात सोडल्यावर दुखतं, १. तापाचा १ गुण त्याला मिळाला नाही. झाले ६. हा आकडा शंकेचा, खात्रीचा नाही. मग रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी १४,२०० आल्या, त्याचे २ गुण. त्यांतल्या न्यूट्रोफिल पेशींचं प्रमाण ८४ टक्के, त्याचा १. एकूण ९. सातच्या पुढे अपेंडिक्सची शक्यता बरीच मोठी असते.

सोनोग्राफीत ९ मिलिमीटर जाडीची, दाबूनही न दबणारी नळी दिसली. साधारण ६ मिलिमीटरच्या पुढे आम्ही ती सुजलेली समजतो. संध्याकाळी सर्जननी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केली. नळी सुजलेली होती, तोंडाशी खडा होता, पण फुटलेली नव्हती. दोन दिवसांनी मुलगा घरी गेला.

माझी चूक

आता एक जुनी गोष्ट. दवाखाना सुरू करून मला दोन-तीन वर्षं झाली होती. तिशीतला एक शेतकरी रात्री आला. चार तासांपासून बेंबीपाशी दुखत होतं, मळमळत होतं. मी पोट तपासलं. उजवीकडे दाबल्यावर काहीच दुखलं नाही. कळ थांबायचं इंजेक्शन दिलं, आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या आणि म्हणालो, "गॅस आहे. दोन दिवसांत बरं वाटेल."

दुसऱ्या दिवशी दुखणं उजवीकडे सरकलं. पण डॉक्टरांनी दोन दिवस सांगितलेत म्हणून तो गोळ्या घेत घरीच थांबला. तिसऱ्या दिवशी सकाळी दुखणं एकदम कमी झालं, तसा तो शेतावर गेला. संध्याकाळी त्याला बाजेवर घालून आणलं. पोट फळीसारखं कडक, ताप १०२, नाडी जलद. सकाळचा आराम म्हणजे नळी फुटल्यामुळे आतला ताण सुटला होता. पू पोटात पसरला होता. पोट उघडून धुवावं लागलं, आणि तो दोन आठवडे रुग्णालयात राहिला. वाचला, पण हंगाम गेला.

चौथ्या तासाला त्याच्या पोटात मला काही सापडलं नाही, यात नवल नव्हतं. तेव्हा सूज अस्तरापर्यंत पोचलेलीच नसते, त्यामुळे कुणालाही सापडणं कठीण. माझी चूक होती ती "दोन दिवस" म्हणण्यात. म्हणायला हवं होतं, "आत्ता नक्की सांगता येत नाही. दुखणं उजवीकडे सरकलं तर त्याच वेळी परत ये, आणि नाही सरकलं तरी सकाळी पोट पुन्हा दाखव." तेव्हापासून बेंबीपाशी दुखणाऱ्या प्रत्येक रुग्णाला मी हे वाक्य सांगतो आणि चिठ्ठीवर लिहूनही देतो.

तुम्ही काय लक्षात ठेवाल?

क्रम लक्षात ठेवा. अपेंडिक्समध्ये सहसा आधी दुखतं, मग भूक जाते आणि एखाददुसरी उलटी होते, आणि त्यानंतर कधीतरी बारीक ताप येतो. बाहेरचं खाऊन पोट बिघडलं तर उलट्या-जुलाब पुढे असतात आणि मुरडा येऊन जातो. तासागणिक एका जागी घट्ट होत जाणारं दुखणं गॅसचं समजू नका.

घरी स्वतःचं पोट दाबून पाहू नका. शंका असेल तर टाचा उचलून जमिनीवर आपटा किंवा खोकून बघा. उजवीकडे खाली कळ आली तर दवाखाना गाठा. तोवर काही खाऊ-पिऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते. पोट साफ व्हावं म्हणून एरंडेल किंवा जुलाबाची गोळी घेऊ नका, शेक देऊ नका, चोळू नका. घरच्या घरी वेदनाशामक घेऊन रात्र काढू नका. डॉक्टरांनी तपासून तेच औषध दिलं तर मात्र घ्या, त्याने निदान बिघडत नाही.

एक मर्यादाही सांगायला हवी. असं बेंबीकडून उजवीकडे सरकणारं दुखणं साधारण निम्म्याच रुग्णांत दिसतं. नळी आतड्याच्या मागे लपलेली असेल तर पोटात फारसं दुखत नाही, कमरेत दुखतं. लहान मुलांना सांगता येत नाही, वयस्कर माणसांत लक्षणं मंद असतात, आणि गरोदरपणात पोट वाढल्यामुळे दुखण्याची जागा वर जाऊ शकते. स्त्रियांमध्ये बीजांडाची गाठ किंवा गर्भनलिकेतला गर्भही असाच दुखतो. म्हणून मी पाळीची तारीख विचारतो, त्यात संकोच नको. आणि सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसलं नाही असा रिपोर्ट आला तर त्याचा अर्थ ते निरोगी आहे असा होत नाही. तेव्हा काही तासांनी पुन्हा तपासणं किंवा सीटी स्कॅन करणं, हाच मार्ग.

रात्री पोटात दुखायला लागलं तर घड्याळ बघून ठेवा. कधी सुरू झालं, कुठे सुरू झालं आणि आता कुठे आहे, एवढं डॉक्टरांना सांगा. आणि दुखणारं पोट उपचाराशिवाय एकदम शांत झालं, तर शेतावर जाऊ नका. आधी पोट दाखवायला या.