हिरड्या आवळल्या म्हणजे बऱ्या झाल्या का?

लालबागच्या आमच्या चाळीत कोकणातून आलेली घरं भाताच्या तुसाची राखुंडी लावायची. कितीतरी बायकांच्या डबीत मिश्री असायची आणि बाकीच्यांच्या मोरीत कुठलं ना कुठलं दंतमंजन. विको कंपनीची सुरुवातही 1952 साली आमच्या शेजारच्या परळमध्येच झाली, तीही दंतमंजनानं. या सगळ्यावर माझा विश्वास बसला तो एका अनुभवावरून. पूड चोळून चूळ भरली की हिरड्या आवळल्यासारख्या वाटत, आणि आवळल्या म्हणजे मजबूत झाल्या असं मी धरून चालले. आज मी तसं मानत नाही. कडुनिंबाची काडी मी अजूनही चावते, भरड पूड मात्र सोडली आहे.

हिरडा, बाभळीची साल, तुरटी यांच्यातला तुरटपणा हिरडीचा वरचा थर काही वेळ आवळून धरतो. पण हिरडी सुजते आणि तिच्यातून रक्त येतं ते दाताच्या कडेला साचणाऱ्या जंतूंच्या चिकट थरामुळे. हा थर रोज निघाला नाही तर त्याचं कीटण होतं, आणि एकदा कीटण झालं की कोणतीही पूड ते काढू शकत नाही. मिश्रीचा प्रकार तर याहून वाईट. तंबाखूतल्या निकोटिनमुळे हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त येणं कमी होतं, आणि लावणारीला वाटतं की गुण आला. आत मात्र हाड झिजत असतं. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला 1992 पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कोण अडवणार? तिनं तोंडाच्या कर्करोगाचाही धोका वाढतो. त्यामुळे मिश्रीच्या बाबतीत मला मधला मार्ग दिसतच नाही.

पुडीबद्दलचं माझं मत बदललं ते दाताच्या डॉक्टरांनी आरसा हातात दिला तेव्हा. थंड पाणी प्यायलं की डाव्या बाजूला कळ जायची, म्हणून मी गेले होते. ते म्हणाले, "सुळ्याच्या मुळाशी नख फिरवून बघा." हिरडीच्या अगदी कडेला नख अडकलं. तिथं पाचरीसारखी खाच पडली होती, गुळगुळीत, चकाकणारी, पिवळसर. कीड असती तर ती जागा बहुधा मऊ आणि काळपट लागली असती. ही झीज होती. मी उजव्या हातानं घासते, त्यामुळे डावीकडचा पुढे आलेला सुळा आणि त्यामागची उपदाढ यांच्यावर सगळा जोर पडायचा. हिरडी खाली सरकली, मूळ उघडं पडलं, आणि मुळावर इनॅमलचं कवच नसतं.

यात दोष कशाचा, ते खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मापावरून कळतं. त्या मापावर इनॅमल साधारण 5 वर येतं, त्याखालचा दाताचा भाग 3 च्या आसपास, खडू 3 आणि वाळूतला क्वार्ट्झ 7. तुसाची राख बहुतांशी सिलिका असते, म्हणून राखुंडी दात इतके लखलखीत करते. काही लाल मंजनांत गेरू असतो आणि त्यातही वाळूचे कण असू शकतात. आता कुठलीही पूड मी आधी चिमटीत घेऊन टाकाऊ काचेच्या तुकड्यावर ओली करून चोळते. ओरखडा उठला तर ती दाताला लावायची नाही. पण ओरखडा उठला नाही म्हणून ती निर्धोक ठरत नाही, कारण उघडं मूळ काचेपेक्षा कितीतरी मऊ असतं. ज्यांची हिरडी सरकली आहे त्यांनी कोरडी पूड बोटानं रगडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग काडी का ठेवली? कडुनिंबात जंतूंची वाढ रोखणारी द्रव्यं आहेत, आणि मोहम्मद अली रोडला मिळणाऱ्या पिलूच्या मिसवाकमध्येही आहेत. पण खरं काम करतात ते चावून सुटलेले धागे. काडी ताजी हवी, करंगळीहून बारीक, आणि वाळली असेल तर भिजवलेली. टोक चावून मऊ कुंचला करायचा आणि हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवायचा, करवतीसारखा आडवा कधीच नाही. वापरलेलं टोक रोज कापून टाकायचं. काडीनंही आडवं घासलं तर हिरडी सरकते. मिसवाक वापरणाऱ्यांमध्ये हे दिसून आलं आहे.

काडी दातांच्या मागच्या बाजूला आणि फटींत पोचत नाही. त्यासाठी रात्री मी मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट वापरते, फटींत दोरा फिरवते. रक्त येत राहिलं तर मुंबई सेंट्रलजवळच्या नायर दंत महाविद्यालयात जाऊन कीटण काढून घ्यावं. आईला मी तिथंच नेते. तिची मिश्री सुटायला वेळ लागला. सोडल्यावर सुरुवातीला हिरड्यांतून जास्त रक्त येऊ लागलं तेव्हा ती घाबरली आणि पुन्हा डबी शोधू लागली. तंबाखूनं दाबून ठेवलेली सूज आता दिसू लागली आहे, हे डॉक्टरांनी तिला हिरडी दाखवून सांगितलं, तेव्हा कुठे ती थांबली.