येईन, येणार, येतो

रविवारी घरात पंगत असली की माझी मावशी आदल्या दिवशी एकेकाला फोन लावते आणि तांदळाचा अंदाज घेते. ‘येणार आहोत’ म्हणणाऱ्यांची पानं ती लगेच धरते. ‘येऊ की’ म्हणणाऱ्यांना रात्री पुन्हा एकदा विचारते. ‘येतोय, सकाळच्या गाडीचं तिकीट काढलंय’ असं कुणी म्हणालं तर स्टेशनवर घ्यायला कोणाला पाठवायचं तेही ठरवून टाकते. तिनं कधी व्याकरण उघडलेलं नाही, पण क्रियापदाच्या शेपटावरून ती माणसं मोजते आणि भात सहसा उरत नाही.

शाळेत मात्र भविष्यकाळाचा एकच तक्ता पाठ करून घेतात. मी येईन, तू येशील, तो येईल. तो बरोबर आहे, पण दिवसभरात उद्याबद्दल आपण जे बोलतो त्यातलं निम्मंअधिक या तक्त्याबाहेर असतं.

‘येणार’चंच बघा. गाणारा, विकणारा, राखणारा या शब्दांच्या कुळातलं हे रूप. त्यात क्रियेपेक्षा ती करणारा माणूस आधी दिसतो. म्हणून तो असो, ती असो, आम्ही असो, ‘येणार’ जसंच्या तसं राहतं. माणूस कोण ते पुढचं ‘आहे’, ‘आहोत’ सांगतं. आणि ते ‘आहे’ तर सरळ वर्तमानकाळातलं! ‘मी उद्या येणार आहे’ या वाक्यात येणं उद्याचं असलं तरी बेत आजचा असतो, आत्ता हातात असलेला. ‘जमलं तर येईन’ हे अगदी सहज वाटतं. ‘जमलं तर येणार आहे’ असं कुणी म्हणालं, तर ऐकणाऱ्याला वाटतं की यायचं याचं ठरलेलंच आहे, फक्त रजा मिळायची बाकी आहे.

माणसाचा बेत नसतो तिथे हीच जागा पुरावा घेतो. ‘पाऊस येईल, छत्री असू दे’ हा अंदाज झाला. घरातून निघताना तो कुणीही कुणालाही सांगतं आणि नाही आला तरी कुणी जाब विचारत नाही. ‘पाऊस येणार आहे, वाळवण उचला’ म्हणणाऱ्यानं मात्र गच्चीवरून आभाळ पाहिलेलं असतं. वारा पडलाय, पश्चिमेकडून काळं भरून आलंय. त्या वाक्यावर पापड-कुरडया खरोखरच आत येतात.

‘येईल’चा मूळ स्वभाव अंदाजाचा, इतका की त्याला उद्याचीही गरज पडत नाही. ‘तो आता घरी असेल’, ‘गाडी एव्हाना पोचली असेल’. काळ आत्ताचा किंवा होऊन गेलेला, तरी रूप भविष्याचं, कारण डोळ्यांनी पाहिलेलं नाही. या रूपामागे बहुतेक वेळा एक ‘तर’ दडलेला असतो. ‘थुंकल्यास दंड आकारण्यात येईल’ या पाटीवर तो उघड लिहिलेला असतो. ‘विनापरवाना गाडी उभी केल्यास कारवाई करण्यात येईल’ इथेही तसंच. ‘कारवाई करण्यात येणार आहे’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटेल की कुणाची तरी गाडी पकडलीच आहे.

पण याच ‘येईन’मधून शपथाही घेतल्या जातात. ‘तुझे पैसे मी फेडीन’ हा नुसता अंदाज नाही. इथे ‘तर’ गळून पडतो आणि बोलणाऱ्याचा शब्द तेवढा जामीन राहतो. आवाज ठाम असेल तर वचन, ढिला असेल तर टोलवाटोलवी. रूप दोन्हीकडे एकच. 2019 नंतर ‘मी पुन्हा येईन’ हे वाक्य महाराष्ट्रात ज्या सहजतेनं घोषणेतून थट्टेत आणि थट्टेतून पुन्हा घोषणेत फिरत राहिलं, त्यात या दुहेरी स्वभावाचाही हात असावा. टिळकांच्या नावावर मराठीत रुजलेल्या वाक्याला ही सोय नाही. तिथे स्वराज्य ‘मी मिळवणारच’ आहे. ‘मिळवीनच’ म्हटलं असतं तर ती प्रतिज्ञा झाली असती. ‘मिळवणारच’मध्ये निर्णय आधीच झालेला आहे आणि समोरच्यानं तो मानण्यावाचून गत्यंतर नाही.

आता दाराची घंटा वाजते. घरातलं कुणीतरी उठत म्हणतं, ‘थांब, मी बघतो.’ बेत नाही, अंदाज नाही. निर्णय त्याच क्षणी होतो, आणि मराठी त्यासाठी साधा वर्तमानकाळ वापरते. ‘दे, पिशवी मी घेते.’ ‘बिल मी देतो.’ घंटा वाजल्यावर ‘मी उघडीन’ म्हणणाऱ्याचं व्याकरण चुकत नाही, पण ऐकणाऱ्याला वाटतं, कधी उघडशील? परदेशात वाढलेल्या मराठी मुलांच्या तोंडी हे हमखास येतं. तिथल्या इंग्रजीत वचनाला, अंदाजाला आणि या झटपट निर्णयाला एकच ‘विल’ पुरतं, आणि घरी त्याचं मराठी ‘ईन’ असंच शिकवलेलं असतं.

क्षण आणखी जवळ आला की आपण भूतकाळात शिरतो. जेवायला हाक आली की ‘आलोच!’, आणि ते म्हणणारा अजून पेपरातच असतो. ‘निघालो’ हा शब्द तर चपला शोधत असतानाही फोनवर सांगता येतो. त्याला कुणी खोटं म्हणत नाही, उशीर म्हणतात.

खरी गंमत नकारात आहे. ‘येईन’ला स्वतःचा नकार नाही. ‘येईन नाही’ असं आपण म्हणत नाही. ‘येणार नाही’ म्हणावं लागतं. होकाराला डगमगायला जागा होती, नकार देताना ठरवून टाकल्यासारखं बोलावं लागतं. म्हणून भिडस्त माणूस ‘नाही’ म्हणायचं टाळून ‘बघतो’ म्हणतो, आणि मावशी ते नकारातच धरते. अंदाजाच्या नकारासाठी मात्र भाषेनं वेगळी सोय ठेवली आहे: ‘तो काही आता यायचा नाही’, ‘हा पाऊस थांबायचा नाही’. इथे कुणाचा बेत सांगितलेला नाही, फक्त अनुभव बोलतो. हेच रूप होकारात धाकाचं होतं. ओल्या पायऱ्यांवरून पळणाऱ्या नातवाला आजी ओरडते, ‘अरे, पडायचास!’ तो पडेल असं भाकीत ती करत नसते. पडू नये म्हणूनच ती बोलते, आणि नातू सावरला की तिचं वाक्य खोटं ठरलं असं कुणालाच वाटत नाही.

कार्य होऊन जातं. न आलेली माणसं फोन करतात, तेव्हा या भविष्यांचे भूतकाळही ऐकू येतात. ‘अगं, येणार होतो, पण गाडीच रद्द झाली’ असं म्हणणाऱ्याचा बेत खरा होता, तो मोडला. ‘आलो असतो गं, पण वेळच नव्हता’ म्हणणाऱ्याच्या वाक्यात ‘येईन’मधला तो दडलेला ‘तर’ शेवटी उघडा पडतो: वेळ असता तर. पहिल्यानं तिकीट काढलं होतं. दुसऱ्यानं काढलेलं नसावं, आणि हे त्यानं न सांगताही मावशीला कळलेलं असतं.