‘पा. गो.’ म्हणजे पाणी आणि गोळ्या-बिस्किटं नव्हे

आईच्या भजनी मंडळाची अष्टविनायक यात्रा दरवर्षी खालच्या मजल्यावरच्या मावशी काढतात. यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि काम माझ्याकडे आलं. माणसं अठ्ठावीस, बहुतेक सत्तरीच्या पुढची. मावशींनी एक जुनी वही हातात दिली आणि म्हणाल्या, “नावांपुढे सगळं लिहिलंय, बघ.” मी पाहिलं. एका नावापुढे ‘खा. क.’, दुसऱ्यापुढे ‘पा. गो.’, तिसऱ्यापुढे नुसतंच ‘घो.’ होतं. मला वाटलं, वर्गणीचा हिशेब असेल. वही ड्रॉवरमध्ये गेली.

मग मी ग्रुपवर निरोप टाकला. बसची वेळ, आठही देवळांची माहिती, काय आणावं, काय आणू नये, असं सगळं त्यात होतं. शेवटची ओळ मोठ्या दिमाखात लिहिली होती : ‘खोली, औषधे व इतर गरजा कळवाव्यात.’ संध्याकाळपर्यंत एकोणीस नमस्कार, सहा फुलं आणि एक ‘शुभ सकाळ’ आलं. गरज कुणीच कळवली नाही. अठ्ठावीस ज्येष्ठांना काहीच लागत नाही, यावर माझा दीड दिवस विश्वास होता.

पुढे वेळापत्रक. फोनमधल्या नकाशावर दोन गावांमधलं अंतर बघायचं, दाखवलेली वेळ लिहायची, अर्धा तास दर्शनाला द्यायचा. पुणे, मोरगाव, सिद्धटेक, थेऊर, रांजणगाव आणि ओझरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी लेण्याद्री, महड, पाली आणि घर. मावशींनी कागद वाचला आणि विचारलं, “बसला दारं किती?” एकच. “मग अठ्ठावीस जणं उतरायला दहा मिनिटं आणि चढायला पंधरा. चढताना चपला, काठी, प्रसादाची पिशवी असते.” म्हणजे थांब्याला पंचवीस मिनिटं नुसती दारात. चार देवळांची झाली शंभर. शिवाय दर दोन तासांनी बाथरूमसाठी थांबायचं, तिथेही तेच दार. ओझरला संध्याकाळी सहाला पोहोचणारी माझी बस रात्री साडेनऊच्या पुढे सरकली.

शेवटी यात्रा तीन दिवसांची केली. पहिला मुक्काम रांजणगावला, दुसरा ओझरला. लेण्याद्री मुद्दाम तिसऱ्या दिवशी सकाळी ठेवलं, कारण तिथे वर जायला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि ऊन चढल्यावर त्या दुप्पट वाटतात. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोली मिळते. मी निरोपात लिहिलं : ‘डोली हवी असल्यास नाव द्यावे.’ एकही नाव आलं नाही. चारचौघांत कोण म्हणेल, मला उचलून न्या! मग प्रत्येकाला वेगळा फोन केला आणि प्रश्न उलटा केला : “काकू, तुम्ही वर येताय, की खाली माझ्या आईला सोबत करताय?” खाली बसणारे सात निघाले, डोलीवाले तीन.

खोल्यांचं मला सोपं वाटलं होतं. अठ्ठावीस भागिले तीन. नऊ खोल्यांत तिघं-तिघं, उरलेली मी आणि एक काकू. ग्रुपवर विचारलं, कोणाला कोणाबरोबर राहायला आवडेल? सगळ्यांचं एकच उत्तर : “कोणाहीबरोबर चालेल.” यादी टाकली आणि तासाभरात नऊ फोन आले. कोणी पहाटे चारला उठून जप करतं, कोणाला पंखा सोसत नाही. तेव्हा वहीतलं ‘घो.’ मला कळलं. घोरणं! ‘खा. क.’ म्हणजे खालचा मजला आणि कमोड. गुडघे गेलेल्या माणसाला भारतीय बैठकीचा संडास मिळाला, तर दोन दिवस तो जेवणच कमी करतो, असं मावशींनी सांगितलं. मी धर्मशाळेत फोन करून ‘खोल्या दहा’ एवढंच सांगितलं होतं. पुन्हा फोन केला. तळमजल्यावर कमोडच्या खोल्या चारच होत्या. आधी त्या चार भरल्या, मग बाकीची यादी केली. मी शेवटून सुरुवात केली होती.

औषधांत माझा उत्साह नडला. इन्सुलिन घेणारे दोन काका होते. त्यांची पेनं बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवायची व्यवस्था मी अभिमानाने जाहीर केली. कोपऱ्यावरच्या औषधवाल्या दादांनी हातच जोडले. इन्सुलिन गोठलं की वाया जातं, वितळल्यावरही ते वापरायचं नसतं. न उघडलेलं फ्रिजमध्ये ठेवायचं, चालू पेन मात्र तीस अंशांच्या आतल्या हवेत साधारण चार आठवडे चालतं. ते बसच्या डिकीत किंवा उन्हाच्या खिडकीत जाता कामा नये, अंगावरच्या पिशवीत हवं. दादांनी आणखी एक गोष्ट सांगितली. साखरेची काही औषधं जेवणाच्या भरवशावर घेतलेली असतात. गोळी घेतली आणि जेवण तासभर लांबलं, तर साखर उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलतो. शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं. म्हणून ‘दुपारी जेवण’ एवढं लिहून भागत नाही, ‘जेवण १ वाजता’ लिहावं लागतं आणि ते एकलाच द्यावं लागतं. उशीर होणारच असेल तर ते गोळी घेण्याआधी सांगायचं.

निघायच्या दिवशी सगळं चोख होतं, असं मला वाटत होतं. निरोपात होतं : ‘५:३० ला जमावे, ६:०० ला बस सुटेल.’ साडेपाचला मी आणि ड्रायव्हरदादा असे दोघंच. निम्मी मंडळी सहाला आली, कारण वाचलेल्या दोन वेळांतली सोयीची तीच लक्षात राहते. दोघं सातला आले. मी आठवड्यापूर्वी टाकलेला आणि नंतर बदललेला निरोप त्यांच्या सुनेने त्यांना पुढे पाठवला होता. जुना मी पुसलाच नव्हता.

मोरगावचं दर्शन झालं, सिद्धटेक झालं. आई गप्प होती. पाणी पुढे केलं तर नको म्हणे. संध्याकाळी रांजणगावला तिचे पाय सुजलेले दिसले. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, “पाण्याची गोळी नाही घेतली आज. सारखं जावं लागतं. सगळ्यांसाठी बस कशी थांबवायची?” मी फोनवर मावशींना विचारलं, “‘पा. गो.’ म्हणजे पाणी आणि गोळ्या-बिस्किटंच ना?” पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. पाण्याची गोळी म्हणजे लघवी वाढवणारी, रक्तदाबाची किंवा हृदयाची. ती घेतली की पुढचे काही तास फेऱ्या असतात. प्रवासाच्या दिवशी तिची वेळ बदलता येते का, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारायचं असतं. आपल्या मनाने गाळायची नसते, पाणीही तोडायचं नसतं. आमच्या डॉक्टरांना त्या रात्री फोन केला, त्यांनी सांगितलं तसं केलं. वही काढली. ‘पा. गो.’ पाच नावांपुढे होतं, त्यातलं एक माझ्या आईचं.

दुसऱ्या दिवसाचा निरोप असा गेला, आणि जाण्याआधी कालचा पुसला :

‘उद्या, मुक्काम ओझर. सकाळी ७ ला बसमध्ये बसलेले असावे. बस ९ आणि ११ ला बाथरूमसाठी थांबेल, कोणी सांगायची गरज नाही. जेवण १ ला. औषधे हातातल्या पिशवीत. कोणतीही गोळी गाळू नये, अडचण मला एकटीला सांगावी.’

तोच मोठ्या अक्षरांत लिहून बसच्या दारावर चिकटवला आणि बोलूनही पाठवला. या वेळी नमस्कार चारच आले. फोन मात्र अकरा आले, आणि प्रत्येकात काहीतरी लपवलेलं होतं.

तुमच्यावर असं काम आलं, तर निरोप लिहिण्याआधी एकेकाला फोन करा. पहिला स्वतःच्या घरी करा.