पहिला खेळ कुठे?

मराठीत कथा लिहिणाऱ्याला एक संकेत कोणी न शिकवताही ठाऊक असतो. एकच कथा दोन दिवाळी अंकांकडे एकाच वेळी पाठवायची नाही. एका संपादकाचा होकार वा नकार येईस्तोवर थांबायचे, आणि ‘साभार परत’ आले की मगच दुसरे पाकीट करायचे. लघुपटांच्या महोत्सवांत मात्र हा संकेत जवळजवळ उलटा होतो. तिथे एकच लघुपट एकाच आठवड्यात दहा ठिकाणी पाठवला तरी कोणाची हरकत नसते. हरकत असते ती निराळ्याच गोष्टीला: तो आधी कुठे दाखवला गेला आहे का, याला. साहित्याच्या वर्गातून आलेल्यांना हा फरक लक्षात यायला वेळ लागतो, आणि तोवर बहुधा पहिला खेळ होऊन गेलेला असतो.

माटुंग्याला आमच्या ओळखीच्या चार तरुणांनी एप्रिल २०२५ मध्ये एक लघुपट पुरा केला. किंग्ज सर्कलजवळ गजरे विकणारी एक तमिळ आजी आणि तिचे मराठीत बोलणारे नातवंड, एवढाच त्याचा जीव. लांबी चौदा मिनिटे, श्रेयनामावलीसह पंधरा मिनिटे चाळीस सेकंद. वर्गणी काढून त्यांच्यापाशी चोवीस हजार रुपये उरले होते. यादी करायला ते माझ्याकडे आले, कारण परीक्षांचे अर्ज भरून घेणाऱ्या माणसाला प्रवेशिकाही भरता येत असतील असा त्यांचा समज होता. (तो अगदीच चुकीचा नव्हता, दोन्हीकडे नियमपत्रिका कोणी वाचत नाही.)

त्यांच्या यादीत पहिले नाव कानचे होते. कारण उघड होते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये बनलेल्या चिदानंद नाईक यांच्या लघुपटाला २०२४ मध्ये कानच्या ‘ला सिनेफ’ विभागात पहिले पारितोषिक मिळाले होते. परंतु हा विभाग चित्रपटशिक्षण देणाऱ्या संस्थांतल्या विद्यार्थ्यांच्या कृतींसाठी आहे. कला शाखेच्या पदवीधरांनी सुट्टीत केलेला लघुपट त्यात बसत नाही. कानची मुख्य लघुपट स्पर्धा सर्वांना खुली असली, तरी तिची मर्यादा श्रेयनामावली धरून पंधरा मिनिटांची. म्हणजे चाळीस सेकंदांनी दार बंद. त्यांनी नावे भराभर सरकवून ते सेकंद वाचवायचा विचार केला. मी विरोध केला नाही, पण केवळ शक्यतेसाठी संकलन बदलू नका, एवढे म्हटले. शेवटी त्यांनी लांबी तशीच ठेवली.

यादी करण्याची रीत माझ्या मते एकच खरी: ज्या महोत्सवाचा विचार आहे, त्याच्या गेल्या दोन-तीन वर्षांच्या कार्यक्रमपत्रिका वाचायच्या. लघुपटांचा एक खेळ साधारण ऐंशी-नव्वद मिनिटांचा असतो. चौदा-पंधरा मिनिटांचा लघुपट त्यात सहावा हिस्सा घेतो. अठ्ठावीस मिनिटांचा लघुपट दोघांना बाहेर ढकलतो, म्हणून त्याच्या निवडीला निवडकर्त्यांत अधिक वकील लागतात. पत्रिकेतून हेही कळते की तिथे शांत, थोडक्या संवादांचे घरगुती लघुपट घेतात की धक्का देणारे. आणि ज्या ‘महोत्सवा’ची अशी पत्रिकाच नाही, सभागृहाचा पत्ता नाही, परीक्षकांची नावे नाहीत, पण दर महिन्याला चाळीस गटांत विजेते आहेत आणि चषक वेगळा विकत मिळतो, तो महोत्सव नव्हे, पावती-पुस्तक आहे. त्या चौघांपैकी एकाने अशी सोळा ठिकाणे शोधून ठेवली होती. शुल्क कमी आणि निकाल पंधरा दिवसांत. ती सारी गेली.

मग खर्च. परदेशी महोत्सवांच्या प्रवेशिका बहुधा FilmFreeway सारख्या संकेतस्थळांवरून भरतात, आणि शुल्क मुदतीच्या टप्प्यांनुसार चढत जाते. डॉलरचा भाव नव्वद रुपये धरला, तर पस्तीस डॉलरचे लवकरचे शुल्क ३,१५० रुपये होते. त्यावर कार्डाचा साडेतीन टक्के अधिभार आणि त्या अधिभारावरचा कर धरून सुमारे ३,२८०. तीच प्रवेशिका शेवटच्या टप्प्यात पंचावन्न डॉलरला गेली, तर वीस डॉलर, म्हणजे अठराशे रुपये, केवळ आळसाचे. अशा दोन उशिरांत एक आख्खी प्रवेशिका जाते. आम्ही चोवीस हजारांतले सहा हजार डीसीपीसाठी बाजूला काढले. चित्रगृहात दाखवायची ही डिजिटल प्रत निवड झाल्यावरच लागते, आधी काढण्यात अर्थ नसतो. दोन हजार उपशीर्षकांच्या फेरतपासणीला, कारण तमिळ आणि मराठी दोन्ही इंग्रजीत आणताना आजीचा आवाज बदलत होता. उरले सोळा हजार. त्यांत चार परदेशी प्रवेशिका, १३,१२० रुपयांच्या, आणि बाकीचे २,८८० देशातल्यांसाठी. शुल्कमाफीसाठी पत्र लिहून पाहायला हरकत नाही. विनंती सभ्य आणि मुदतीच्या बरीच आधी असली, तर काही ठिकाणी माफी मिळते.

आता क्रम, म्हणजे ज्यावर त्या दुपारी खरा वाद झाला. चौघांना जुलैत एका महाविद्यालयाच्या सभागृहात पोस्टर लावून खेळ करायचा होता आणि मग यूट्यूबवर टाकायचे होते. घरच्या मंडळींनी कधी पाहायचे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. परंतु काही महोत्सव जगातला, देशाबाहेरचा किंवा त्यांच्या देशातला पहिला खेळ आपल्याकडे मागतात. जालावर खुला झालेला लघुपट तर कित्येक ठिकाणी बादच होतो. म्हणून पहिला खेळ मागणारे आधी, न मागणारे नंतर. फ्रान्समधला क्लेरमाँ-फेराँ हा लघुपटांचा महोत्सव जानेवारीअखेर-फेब्रुवारीत भरतो आणि प्रथम प्रदर्शनाची अट घालत नाही. तो कुठल्याही क्रमात बसतो, मात्र प्रवेशिका आदल्या वर्षीच द्यावी लागते. केरळचा माहितीपट-लघुपट महोत्सव २०२३ आणि २०२५ मध्ये ऑगस्टात, २०२४ मध्ये जुलैअखेर भरला, तेव्हा एप्रिलमध्ये पुरा झालेल्याला घाई करावी लागते. आणि आपल्या दारातला मिफ दोन वर्षांनी भरतो. फिल्म्स डिव्हिजनने १९९० मध्ये सुरू केलेला, २०२२ च्या विलीनीकरणानंतर एनएफडीसीकडे गेलेला हा महोत्सव जून २०२४ मध्ये पेडर रोडला झाला होता; त्याची पुढची पाळी २०२६ ची. वर्षाची मोजणी पुरी होण्याच्या तारखेवरून होते, म्हणून ती तारीख प्रमाणपत्रासारखी सांभाळायची आणि सगळीकडे तीच लिहायची.

त्यांनी आणखी एक शहाणपण केले: एका नावावर भार टाकला नाही. मुंबईचा मामी महोत्सव २०२५ मध्ये भरलाच नाही. ज्यांनी केवळ त्यासाठी पहिला खेळ राखला असेल, त्यांचे वर्ष वाया गेले असणार.

जुलैचा खेळ झाला तो एका घरच्या बैठकीत, सतरा माणसांसमोर, जाहिरात न करता. आजीचे काम केलेल्या बाईंनी तमिळमध्ये दोन वाक्ये दुरुस्त केली. पुढे तीन नकार आले, सगळे एकाच साच्यातले. मग एका भारतीय महोत्सवाचे निवडपत्र आले. दहा दिवसांत डीसीपी आणि उपशीर्षकांची स्वतंत्र फाइल पाठवा, असे त्यात होते. सहा हजार जागच्या जागी होते.