एकोणीस जणींची मापं

आईच्या यूट्यूब चॅनलवर मेंबरशिप सुरू करायची कल्पना माझी होती, हे आधीच कबूल करते. आई कराडला ब्लाउज शिवते, गेली पंचवीस वर्षं. लॉकडाऊनमध्ये शिलाईचं काम थांबलं, तेव्हा मी तिला मोबाईलचा स्टँड आणून दिला आणि ती कटिंगचे व्हिडिओ टाकायला लागली. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे चॅनलचं 'मागचं सगळं' आपोआप माझ्याकडे आलं.

मेंबरशिपसाठी फार मोठं चॅनल लागत नाही. 500 सबस्क्रायबर, तीन महिन्यांत तीन व्हिडिओ आणि वर्षभरात लोकांनी पाहिलेले 3,000 तास एवढं जमलं की अर्ज करता येतो. आईचे तेव्हा सहा हजारांवर सबस्क्रायबर होते. महिन्याची रक्कम ठरवायची, त्या बदल्यात मेंबरला काय मिळणार ते लिहायचं, यूट्यूबने ते तपासून मंजूर केलं की व्हिडिओखाली 'जॉइन'चं बटण येतं. एका रविवारी दुपारी मी हे सगळं करून टाकलं. कोणाला काय द्यायचं, हा भाग मी दहा मिनिटांत उरकला. चूक झाली ती तिथेच.

आईला विचारलं, "159 रुपये महिना घेऊन तू काय देशील?"

ती म्हणाली, "159 घ्यायचे म्हणजे काहीतरी घसघशीत द्यायला पाहिजे बाई. प्रत्येकीला तिच्या मापाचा ड्राफ्ट काढून देते की दर महिन्याला. नवीन डिझाइन, तिचं माप."

मला ते फारच आवडलं. असं दुसरं कोण देतं? मी तसंच टाईप केलं.

पहिल्या दोन आठवड्यांत एकोणीस जणी आल्या. आम्ही पेढे आणले. मग मापं यायला लागली. ब्लाउजचा ड्राफ्ट म्हणजे छातीच्या मापाला चारने भागून त्यात लूजिंग मिळवलं की झालं, असं नसतं. खांदा, मुंढा, पुढचा गळा, मागचा गळा, टकचं अंतर, बाहीचा घेर ही सगळी मापं लागतात आणि घरी टेप धरून घेतलेल्या मापांत एखादं तरी चुकलेलं असतं. 34 छातीला मुंढा 19 लिहिलेला आला की आई ओळखायची, 'हिने टेप सैल धरलाय.' मग फोन करून परत माप विचारायचं, खाकी कागदावर ड्राफ्ट काढायचा, फोटो काढायचा, त्यावर आकडे लिहायचे आणि पाठवायचा. एकीला सरासरी सव्वा तास लागत होता.

दिवाळीत घरी गेले तेव्हा रात्री साडेअकराला आई जमिनीवर बसून मुंढ्याचा गोल काढत होती. उजव्या मनगटाला गरम पट्टा बांधलेला. गल्लीतल्या काकूंचे चार ब्लाउज तसेच पडले होते आणि त्या दोनदा येऊन गेल्या होत्या.

मी लॅपटॉप उघडला आणि जो हिशोब आधीच करायला हवा होता, तो केला. 159 रुपये काही आपल्याला मिळत नाहीत. त्यात 18 टक्के जीएसटी असतो. तो काढला की 135 च्या आसपास उरतात. त्यातले 70 टक्के चॅनलला, बाकी यूट्यूबला. म्हणजे हातात साधारण 94 रुपये. एकोणीस जणींचे मिळून 1,786. त्यासाठी आई जवळजवळ चोवीस तास काम करत होती. तासाला जेमतेम पंचाहत्तर रुपये. अस्तराचा एक ब्लाउज ती तीन तासांत शिवते आणि 400 घेते.

खरं दुखणं तासाच्या दराचंही नव्हतं. उद्या चाळीस जणी आल्या असत्या तर पन्नास तास लागले असते. प्रोग्राम लिहिताना आम्ही हे पहिलं बघतो की माणसं दुप्पट झाली तर काम किती वाढेल. एकदा करून भागतं का, का प्रत्येकासाठी लूप पुन्हा फिरतं? ऑफिसात दुसऱ्याच्या कोडवर मी हीच कमेंट रोज लिहिते. आणि घरी मी आईच्या मनगटाचं लूप करून ठेवलं होतं.

मी म्हणाले, "ड्राफ्ट बंद करू."

"आणि पैसे घेतलेत त्यांचे? लिहिलंयस ना तू, दर महिन्याला देणार म्हणून?"

लिहिलं होतं. तिने आणखी दोन महिने प्रत्येकीचा ड्राफ्ट काढून दिला. त्या दोन महिन्यांत आम्ही नवीन मांडणी ठरवली.

प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारायचा, असं मी तिला सांगितलं. दहा मेंबर असोत की शंभर, हे काम तेवढंच राहतं का? राहत असेल तर ठेवायचं. वाढदिवसाला नाव घेऊन शुभेच्छा, प्रत्येक कमेंटला आधी उत्तर, पोस्टाने पेपर कटिंग, ही तिची आवडती यादी तिथेच गळाली. मेंबरांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून एकीला पैठणीचा पीस द्यायचा, असंही तिच्या मनात होतं. ते तर नियमातच बसत नाही. त्या पातळीवरच्या सगळ्यांना जे मिळेल तेच द्यायचं, नशिबावर सोडत काढायची नाही.

मग उलट बाजूने शोधलं. आई असंही काय करतेच, जे लोकांना दिसत नाही? तिच्याकडे एक जाड वही आहे. प्रत्येक डिझाइनचं पान, त्यात 30 पासून 42 पर्यंतच्या छातीची मापं शेजारी शेजारी. कटोरीचा आकार कुठल्या साइजला किती, प्रिन्सेस कटची रेघ खांद्यापासून किती अंतरावर. ही वही ती स्वतःसाठीच लिहिते. दर महिन्याला एक पान स्वच्छ लिहून, फोटो काढून, फक्त मेंबरांना दिसणारी पोस्ट म्हणून टाकायचं. तीन तासांचं काम, बघणाऱ्या कितीही असोत. पहिल्यांदा मी शहाणपणा करून त्याची पीडीएफ ड्राइव्हवर ठेवली आणि लिंक दिली. चार दिवसांत ती लिंक आईच्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'खूप उपयोगी, जरूर सेव्ह करा' म्हणून परत आली. पोस्टमधल्या फोटोचा स्क्रीनशॉट निघतोच, पण निदान दार सताड उघडं राहत नाही.

दुसरी गोष्ट फुकटची होती. व्हिडिओ शुक्रवारी मेंबरांना आणि रविवारी सगळ्यांना. एडिटिंग तेवढंच, फक्त दोन दिवस आधी संपवावं लागतं. दोनदा शुक्रवार चुकला तेव्हा लगेच तक्रारी आल्या. काम स्वस्त असलं तरी वेळ पाळावी लागते.

तिसरी म्हणजे नावापुढचा बिल्ला. कमेंट केली की मेंबरच्या नावाशेजारी तो दिसतो आणि मेंबरशिप जुनी होत जाते तसा बदलतो: नवीन, एक महिना, दोन, सहा, वर्ष. मी हौसेने शिलाई मशीन काढलं होतं. मोबाईलवर तो बिल्ला जेमतेम बत्तीस पिक्सेलचा दिसतो, मशीनची काळी माशी झाली. शेवटी दोऱ्याचं रीळ काढलं आणि प्रत्येक टप्प्याला रंग बदलला. एक संध्याकाळ गेली, पुन्हा हात लावावा लागला नाही. मला हे सगळं पोरकट वाटायचं. पण 'माझं रीळ जांभळं झालं' अशा कमेंट येतात, त्यामुळे मी गप्प आहे.

हे तिन्ही 59 रुपयांत. त्यातले पस्तीस आपल्याला मिळतात.

159 ची पातळी ठेवली, पण वचन बदललं. वरच्या पातळीला खालचं सगळं मिळतंच, त्यावर महिन्यातून एक लाइव्ह. फिटिंग बिघडलेल्या ब्लाउजचा फोटो गुरुवारपर्यंत फॉर्मवर टाकायचा. आई रविवारी एक तास बसते आणि त्या तासात जेवढे होतील तेवढे घेते. 'प्रत्येकीचा फोटो घेऊ' असं कुठेही लिहिलेलं नाही. आईला हे सुरुवातीला कंजूषपणाचं वाटलं. पण एकीच्या मुंढ्याला पडलेली चुणी दाखवून 'इथे खांदा अर्धा इंच आत घ्या' म्हटलं की बाकीच्याही आपापले ब्लाउज काढून बघतात. ड्राफ्ट मात्र एकीचा दुसरीच्या कामाचा नव्हता.

बदल एक महिना आधी पोस्ट टाकून सांगितला. एकोणीसपैकी आठ जणी गेल्या. त्यांच्या जागी नव्या यायला चार महिने लागले. काहींची गळती तर आमच्या हाताबाहेरची असते. दर महिन्याला पैसे कापण्याआधी किमान एक दिवस बँकेचा मेसेज येतो, तो बघून पुष्कळांना आठवतं की आपण हे चालू ठेवलंय. म्हणून वहीचं पान आम्ही महिन्याच्या सुरुवातीलाच टाकतो.

आता 159 च्या चौदा आणि 59 च्या अठ्ठेचाळीस मेंबर आहेत. महिन्याला तीन हजारांच्या आसपास, काम साडेचार तास. पैसे वेगळे येत नाहीत, जाहिरातींच्या पैशांत मिसळतात आणि एकूण 100 डॉलर भरेपर्यंत थांबतात. आमचे कधी दोन महिन्यांनी येतात.

त्या एकोणीस जणींमधल्या एक बाई नव्या मांडणीत बसेनात. त्यांचं कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, एका बाजूचं. वहीतल्या कुठल्याच रकान्यात त्यांचं माप नाही, कारण त्यांच्या दोन्ही बाजू सारख्या नाहीत. त्यांनी तक्रार केली नव्हती. फक्त लिहिलं होतं की ताई, तुमच्या ड्राफ्टमुळे तीन वर्षांनी फिटिंगचा ब्लाउज घातला, आता बंद होणार हे समजलं, धन्यवाद.

मी म्हणाले, "आई, एकीला दिलं की सगळ्यांना द्यावं लागतं."

"मेंबर म्हणून कुठे देतेय?" ती म्हणाली. त्यांना तिने फोन करून 159 ची मेंबरशिप बंद करायला लावली. 59 ची घ्या म्हणाली, पानं बघायला. ड्राफ्टचे पैसे घेत नाही. दर महिन्यालाही नाही, लागेल तेव्हा.

मागच्या शनिवारी मी कराडला होते. आईने खाकी कागद पसरला आणि मला पट्टी धरायला बसवलं. डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी, दोन्हीकडचे टक वेगवेगळे. दोन तास लागले. मनगटाचा पट्टा तिने आठवणीने आधीच बांधला होता.